रावजी ठाकूर यांचे नऊ पाइल

रावजी ठाकूर यांच्या नावाचा एक कागद आमच्या साइटच्या गेटवर पाच महिने चिकटवलेला होता. त्या कागदाची मला किळस येते. त्यावर तिसरी सही माझी आहे, म्हणून जरा जास्तच येते.

रावजीकाका उरण तालुक्यातले, जातीचे आगरी, वय अठ्ठावन्न. पाइलिंगच्या रिगवर, म्हणजे ड्रिलच्या यंत्रावर, फोरमन. पाइल म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून, काँक्रीट ओतून केलेला खांब. असे खांब त्यांनी पस्तीस वर्षं मारले. न्हावा-शेव्याच्या गोदामांखाली, द्रोणागिरीच्या बिल्डिंगांखाली, दिघीच्या खाडीत जेट्टीखाली. कुठल्याही पुलावरून जाताना बायकोला म्हणायचे, "खालचा खांब माजा हाय." आणि रंगूकाकी म्हणायची, "मंग टोल कनाला भरतंव?"

त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. खाडीचं पाणी आत घेऊन मीठ पिकवायचं, आणि खाडीला बाहेर ठेवायला चिखलाचा बांध घालायचा. तो बांध दर वर्षी खचायचा. दर वर्षी म्हातारा डोक्यावरून चिखल वाहून तो वर उचलायचा. रावजीकाका सांगायचे की बापाचं अख्खं आयुष्य त्या एका बांधाच्या मागे गेलं, आणि बाप गेला त्या वर्षीही बांध वीतभर खाली बसलाच होता. मातीवर त्यांचा विश्वास नव्हता तो तेव्हापासून. विश्वास होता तो खडकावर.

त्यांची एक पद्धत होती. पाइलचं भोक खडकाला लागलं की रिगच्या बादलीतून वर आलेली दगडाची कपची ते धुवायचे, तिच्यावर रंगानं पाइलचा नंबर घालायचे, रिगसमोर नारळ फोडायचे आणि खोबरं सगळ्यांना वाटायचे. आमच्या भागात पाइलिंगवर नारळ फोडतातच, पण तो पहिल्या पाइलला. रावजीकाकांचा नारळ खडकाचा असायचा.

आता आमच्या साइटचं सांगते. उलव्याच्या पुढे खाडीकडे चौतीस मजल्यांचा टॉवर. मी तिथे क्वालिटी इंजिनीअर. गाव माझं माणगावकडचं, घरची भातशेती. वरचा खाजणातला काळा चिखल आम्ही दोन तळघरांसाठी खणून काढला होता. त्याखाली पिवळी, घट्ट माती लागली, आणि खडक त्याच्याही खूप खाली. डिझाइन करणारे सर मुंबईचे, वयस्कर. त्यांनी इथे सगळा भार पाइलवर टाकलाच नव्हता. पूर्ण इमारतीखाली सव्वादोन मीटर जाडीचा काँक्रीटचा एक प्रचंड पाट, म्हणजे राफ्ट, आणि त्याखाली बासष्ट पाइल. भार दोघांनी वाटून घ्यायचा. राफ्ट आपल्या अंगाखालच्या मातीवर चाळीस टक्के टेकवणार, उरलेला पाइल घेणार.

नुसता राफ्ट घातला असता तरी माती फाटली नसती. पण इमारत मधोमध चौदा-पंधरा सेंटिमीटर खाली बसली असती. लिफ्ट वाकड्या, भिंतींना चिरा. पाइल होते ते हे बसणं कमी करायला. पाच सेंटिमीटरच्या आत, आणि सगळीकडे जवळपास सारखं. म्हणून ते मुद्दाम वीस मीटरवर, मातीतच थांबवायचे होते. ते इमारतीबरोबर थोडे खाली सरकले तरच राफ्टचं पोट मातीवर नीट दाबलं जाणार आणि राफ्ट आपला वाटा उचलणार. पाइल खडकावर नेले की ते सरकत नाहीत, आणि न सरकणारा पाइल सगळा भार स्वतःकडे ओढतो.

हे मी आता चार वाक्यांत लिहिलं. रावजीकाकांना हे चार वाक्यांत कुणीही सांगितलं नाही. त्यांच्या हातात दिला तो एक नकाशा, त्यावर वीस मीटर. त्यांनी साइट इंजिनीअर सुजितला विचारलं होतं, "साहेब, त्या कोपऱ्यान खरक वीसच्या खाली आनखी तीन-चार मीटरवर हाय. मंग मातीन कनाला थांबवायचा?" सुजित फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये आहे तेवढं करा. डोकं चालवू नका."

सुजितबद्दल मी फार बोलणार नाही, तोंड खराब होईल. त्याच्याकडे पदवी आहे, बूट स्वच्छ आहेत, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तर, त्या ईशान्येच्या कोपऱ्यात नऊ पाइल होते. तिथे खडक उंच आला होता. भोक वीस मीटरला पोचलं की बादलीत मातीबरोबर बारीक कपच्या यायला लागायच्या. आणि पस्तीस वर्षं खडकाला लागल्याशिवाय हात न थांबवणारा माणूस तिथे उभा. सुजित वातानुकूलित केबिनमध्ये. रावजीकाकांनी रिग खाली जाऊ दिली. साडेबावीस, तेवीस, एका ठिकाणी चोवीस. कपच्या धुतल्या, नंबर घातले, नारळ फोडले. नऊ पाइल, नऊ नारळ.

त्या नऊही नारळांचं खोबरं सुजितनं खाल्लं. मीही खाल्लं. ज्या साइटवर एकही पाइल खडकाला लावायचा नाही, तिथे खडकाचा नारळ कसा फुटतो, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. कागदावर तर ते धडधडीत दिसत होतं. एका पाइलला सोळा घनमीटर काँक्रीट लागायचं, या नऊंना प्रत्येकी एकोणीसच्या आसपास लागलं. सुजितनं प्रत्येक पाइलच्या नोंदीच्या कार्डावर कारण म्हणून 'माती ढासळली' असं लिहून सही केली, आणि मी तपासल्याची टिक केली. मला त्या खुणेचीही किळस येते.

मग पाइलची तपासणी झाली. पाइलच्या डोक्यावर लहान हातोडी मारून परत येणाऱ्या कंपनांच्या लाटेवरून लांबी आणि तडे पाहतात. एक एजन्सी आली, दोन मुलं अर्धा दिवस ठोकत फिरली, आणि अहवाल आला. बासष्टही पाइल बरोबर वीस मीटर. लांबी त्यांना आम्हीच सांगितली होती, तीच त्यांनी परत टाइप करून दिली. पुढे मी अहवालातले आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर चार आलेख हुबेहूब एकच होते. दुसऱ्याची पाटी बघून उतरवणारं पोरसुद्धा एखादा आकडा तरी बदलतं.

मला कळलं ते खुद्द रावजीकाकांकडून. राफ्टच्या सळ्या पश्चिमेकडून बांधायला सुरुवात झाली होती. त्यांचं काम संपलं होतं, रिग हलवायची होती. चहाच्या टपरीवर त्यांनी पिशवीतून कपच्या काढून बाकावर मांडल्या.

"बाय, तू हुशार हायस म्हनून तुला दाखवतंय. बाकीचं माहीत नाय, पन हे नऊ कदी हलायचे नाय. खरकाला लावलंत. कोनी सांगितला नव्हता. मीच लावलंत."

चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही लेकीच्या लग्नात आहेर करून आलेत. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी त्यांना विचारलं, "काका, ओल्या अंगणात खाट टाकली, तीन पाय मातीत आणि चौथा धोंड्यावर. वर माणसं बसली तर काय होईल?"

"तीन पाय रुततील, खाट वाकरी होईल." आणि मग कपच्यांकडे बघून, "धोंड्यावरचा पाय मोरल."

"इमारत सगळीकडे थोडी थोडी बसणार आहे. तशी बसायलाच हवी आहे. फक्त तुमचा कोपरा बसणार नाही."

त्यांनी कपच्या एक एक करून पिशवीत भरल्या. नववी भरताना म्हणाले, "ह्या मना पैला कोनी नाय सांगितला?"

 मी रोज त्या रिगवरून जात होते. सांगायला पाच मिनिटं लागली असती.

मी म्हटलं, डिझाइनवाल्या सरांना सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगायला हवं, कारण कागद सगळे खोटं बोलतायत. रावजीकाका गप्प राहू शकले असते. तपासणीचा अहवाल त्यांच्या बाजूनं होता, वर्षभरात निवृत्ती होती, आणि चोवीस मीटर खालची गोष्ट वर येऊन कुणाला काही सांगणार नव्हती. टॉवर कलायला लागला असता तेव्हा खापर कुणाच्याही डोक्यावर फुटलं असतं. ते म्हणाले, "चल. पन माजे काँक्रीटला कोनी नाव ठेवायचा नाय."

मीटिंगला प्रोजेक्ट हेड केतनभाई होते, सुजित होता, सर होते. रावजीकाकांनी आपली वही पुढे ठेवली. तिच्यात प्रत्येक पाइलची खरी खोली होती, त्यांच्या वळणदार अक्षरात. अख्ख्या साइटवर खरा कागद तेवढाच. सर आकडे उतरवून घेत होते तोवर केतनभाई सुरू झाले. "अरे, आ अडाणी लोकांना मशीन कोण देतो? तीन मीटर एक्स्ट्रा? तू डोक्टर आहे का, की मनाला आलं म्हणून कापलं?" सुजित खाली बघत मान हलवत होता, जसा काही तो कार्डांवर सह्या करणारा सुजित दुसराच कुणी.

रावजीकाका उभेच होते. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती. मी दिली नाही, हेही लिहून ठेवते.

सर एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." मग त्यांनी उपाय दिला. त्या नऊ पाइलची डोकी राफ्टच्या तळाच्या खाली जाईपर्यंत तोडायची. राफ्टच्या सळ्यांशी त्यांचा संबंध ठेवायचा नाही. डोक्यावर थर्माकोलचे जाड ठोकळे बसवायचे, म्हणजे राफ्ट खाली येईल तेव्हा ठोकळे दबतील आणि पाइल त्याला अडवणार नाही. बाजूची माती मात्र घट्ट, तशीच ठेवायची, राफ्टनं तिच्यावरच टेकायचं. आणि मधल्या जागांत नवे सात पाइल, वीस मीटरचे, मातीतच थांबणारे. काम साधंच होतं. फक्त महिना लागणार होता.

महिना म्हटल्यावर केतनभाईंचा रंग बदलला. फ्लॅट घेणाऱ्यांना, बँकेला, गावच्या लोकांना उशिराचं कारण द्यायला हवं. खरं कारण दिलं तर पहिला प्रश्न येणार की नऊ वेळा जास्तीचं काँक्रीट गेलं तेव्हा तुमचे इंजिनीअर काय करत होते. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी तयार पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की पाइलिंग फोरमन रावजी ठाकूर यांनी नऊ पाइल ठरलेल्या खोलीपेक्षा आखूड मारल्याचे कंपनीच्या दक्ष तपासणीत उघड झाले, सबब ते रद्द करून त्यांना कामावरून काढण्यात येत आहे.

आखूड. मी तो शब्द तीनदा वाचला.

"हे उलटं आहे, केतनभाई. ते खोल गेलेत."

"बेन, पब्लिकला खोल समजत नाही. खोल म्हणजे सारूं, चांगलं. लोक विचारणार, खोल आहे तर तोडता कशाला? आखूड लगेच समजतं." मग पेन माझ्याकडे सरकवलं. "सही कर, उद्यापासून डोकी तोडायला घेऊ. नाही केली, तर बासष्ट पाइलचा ओके रिपोर्ट आपल्याकडे आहे. सोमवारी राफ्ट ओतू."

पहिल्या दोन सह्या झाल्या होत्या. त्यांची आणि सुजितची.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "माझा संबंध डिझाइनशी. पत्राचं तुमचं तुम्ही पाहा." इतका सभ्य आवाज, की फोन धुवून ठेवावासा वाटला.

मी सही केली. चौतीस मजल्यांत शेकडो माणसं राहणार होती, आणि ती डोकी तुटायलाच हवी होती, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण मी नोकरी सोडून सरकारी कचेरीत जाऊ शकले असते, वर्तमानपत्राकडे जाऊ शकले असते, निदान रावजीकाकांना आधी जाऊन सांगू शकले असते. त्यातलं मी काहीच केलं नाही. भीती वाटली, एवढंच कारण आहे. त्याला दुसरं नाव नाही.

डोकी तुटली. ठोकळे बसले, नवे सात पाइल झाले, मग राफ्टचं काँक्रीट दीड दिवस सलग चाललं. पत्राची प्रत गेटवर लागली. आजूबाजूच्या गावांची पोरं ट्रक घेऊन त्याच गेटमधून आत येत होती. आठवड्यात बातमी उरणपर्यंत गेली की रावजीनं पाइल आखूड मारले, सिमेंट खाल्लं. पस्तीस वर्षांत त्यांनी बांधलेल्या पुलांवरून जाताना लोक थट्टा करू लागले, जपून चालव रे, खालचा खांब रावजीचा आहे.

विसाव्या स्लॅबनंतर मी त्यांच्या घरी गेले. तोवर इमारत मधोमध चोवीस मिलिमीटर बसली होती, तीन कोपऱ्यांत एकोणीस-वीस, आणि त्यांच्या ईशान्येच्या कोपऱ्यात वीस. अगदी सरांच्या हिशेबाप्रमाणे. ते आकडे घेऊन मी गेले होते, जणू ती मिठाई होती.

रावजीकाका ओट्यावर जाळं सांधत बसले होते. पाइलिंगचं काम त्यांना कुणी देत नव्हतं. रंगूकाकीनं पाणी आणून दिलं, पण बस म्हणाली नाही. मी आकडे सांगितले. ते ऐकताना त्यांचे हात थांबले.

"सगल्या कोपऱ्यांन सारखी बसतेय?"

"सारखी."

"बरा झाला." पुन्हा सुई चालू झाली. "बाय, खोल गेलू म्हनून काढला असता तं मी गप बसलू असतो. चूक माजीच व्हती, मी लोकांना बोललू असतो, व्हय, जास्त खोल गेलू. पन तुमी आखूड लिवलात."

"माझी सही आहे त्यावर, काका."

"माहीत हाय. गेटवं जाऊन वाचून आलू मी."

मी माफी मागितली. त्यांनी जाळ्याची पुढची गाठ ओढली. रंगूकाकी दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या घरान येऊन खरा बोलून काय करतंस? आमाला माहीतच हाय. गावाला कोन सांगल?"

मी ओट्यावरून उतरले. जाळ्यातून डोकं वर न काढता रावजीकाका म्हणाले, "सांबालून जा."

परवा सुजितला कंपनीनं दर्जेदार कामाबद्दल सन्मानचिन्ह दिलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या निषेधाची मजल तेवढीच जाते. घरी येऊन हे लिहायला बसले, आणि गावाला सांगायचं ते आता सांगते.

रावजी ठाकूर यांचे नऊ पाइल आखूड नव्हते. हवे होते वीस मीटर. ते गेले साडेबावीस, तेवीस, तेवीस, साडेतेवीस, तेवीस, चोवीस, साडेबावीस, तेवीस, साडेतेवीस. काँक्रीट एक नंबरचं होतं. डोकी तोडताना ब्रेकरची दोन पाती मोडली. नऊच्या नऊ खडकाला लागलेले आहेत आणि आजही तिथेच, ईशान्येच्या कोपऱ्यात, कुणाचाही भार न घेता उभे आहेत. गेटवरच्या पत्रावरची माझी सही खोटी आहे. ही खरी.

नेत्रा, क्वालिटी इंजिनीअर